प्रसाद, नैवेद्य आणि ‘ऑफरिंग’ : देवळाच्या द्वैभाषिक पत्रकातील शब्दनिवड

फोंडा तालुक्यातील एका देवीच्या देवळात, कार्यालयाच्या ओसरीवर, दोन वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगापासून सुरुवात करतो. उडुपीकडची एक बाई मुलाला घेऊन रात्रभराचा प्रवास करून आली होती. कुलदेवतेचे दर्शन घ्यायचे होतेच, पण मुख्य काम होते ते मुलीच्या सोयरिकीबद्दल देवीला विचारण्याचे. दुपारी एकच्या सुमाराला ती खिडकीशी गेली तेव्हा आतल्या कारकुनाने सांगितले, “बाये, प्रसाद साडेअकरांक सोंपता.” बाईच्या हातात देवस्थानाचे पत्रक होते. तिने ते उघडून दाखवले. ती घरी कोंकणी बोलणारी, पण वाचन कानडी आणि इंग्रजीचे. पत्रकाच्या उजव्या रकान्यात इंग्रजीत लिहिले होते की सकाळी ९ ते ११.३० या वेळात ‘होली फूड’ दिले जाते. डाव्या रकान्यातल्या मराठी ओळीत होते : ‘प्रसाद – सकाळी ९ ते ११.३०’. मराठी ओळ बरोबर होती. भाषांतरही, शब्दकोश समोर ठेवून पाहिले, तर चूक म्हणता येत नव्हते. तरी बाईला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले.

ज्यांना गोव्यातल्या देवळांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की इथे ‘प्रसाद’ म्हणजे केवळ हातावर मिळणारा गोड घास नव्हे. अनेक देवळांत पुजारी मूर्तीच्या अंगावर ठरावीक जागी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या लावतो, भक्ताच्या वतीने देवाला प्रश्न विचारतो आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते यावरून देवाचा होकार-नकार समजतो. हा प्रसाद घेणे, प्रसाद लावणे. कोणत्या बाजूचा काय अर्थ, किती पाकळ्या, हे देवळागणिक बदलते. शब्द मात्र तोच. किनारी कर्नाटकातही देवाकडे फुलाचा प्रसाद मागतात. म्हणजे पत्रकात इंग्रजी लिपीत नुसते ‘प्रसाद’ छापले असते तरी त्या बाईने ते ओळखले असते. भाषांतराने तिला मदत तर केली नाहीच, तिला आधीपासून माहीत असलेला शब्द तिच्यापासून लपवला.

पुढे त्या पत्रकाच्या नव्या आवृत्तीचे काम माझ्याकडे आले. बारा पानांचे पत्रक, दोन रकाने. त्या कामात जे दिसले त्याची ही मांडणी आहे. देवस्थानाचे नाव देत नाही, कारण दोष एका देवस्थानाचा नाही. त्यानंतर गोव्यातली आणि कोकणातली अशी पत्रके मी जमवली, त्यांत कमीअधिक प्रमाणात हेच आढळते.

पहिले काम मोजणीचे होते. पूजेशी संबंधित प्रत्येक मराठी शब्द एका कागदावर लिहिला आणि त्यासमोर इंग्रजी रकान्यात जिथे जिथे जे काही आले ते पानाच्या क्रमांकासह नोंदवले. मग तोच व्यायाम उलट दिशेने केला : इंग्रजी शब्द आधी, त्यासमोर मराठी. हा दुसरा फेरा बहुतेक लोक करत नाहीत, आणि खरा घोटाळा तिथेच दिसतो. पहिल्या फेरीत कळले की ‘अभिषेक’ हा शब्द नऊ ठिकाणी येतो आणि त्याला चार प्रतिशब्द आहेत : ‘होली बाथ’, ‘अब्लूशन’, ‘अनॉइंटिंग’ आणि एकदा अभिषेकच. दुसऱ्या फेरीत कळले की ‘ऑफरिंग’ हा एक शब्द चौदा ठिकाणी आहे. त्यातल्या चार ठिकाणी मराठीत नैवेद्य होता, तीन ठिकाणी प्रसाद, तीन ठिकाणी फुले-नारळ अर्पण करणे, दोन ठिकाणी देणगी, एका ठिकाणी दक्षिणा आणि एका ठिकाणी देवीची ओटी.

हे दोन दोष एकमेकांच्या उलट आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे. एका शब्दाला चार प्रतिशब्द दिले की वाचकाला चार निरनिराळे विधी आहेत असे वाटते. तो खिडकीवर जाऊन विचारतो की ‘होली बाथ’चे इतके आणि ‘अनॉइंटिंग’चे तितके, मग फरक काय? कारकून गोंधळतो, पण दोन मिनिटांत उलगडा होतो. सहा शब्दांना एकच प्रतिशब्द दिला की वाचकाला काहीच खटकत नाही. तो न विचारता पुढे जातो आणि चुकतो. म्हणून दुसरा दोष अधिक घातक. शाळेत आपल्याला तोच शब्द पुन्हापुन्हा वापरू नये असे शिकवलेले असते, त्यातून पहिला दोष येतो. दुसरा मात्र आळसातून येत नाही. ‘ऑफरिंग’ हा शब्द देवळाच्या वातावरणात शोभतो, कानाला भक्तिपूर्ण लागतो, म्हणून तो सगळीकडे चालून जातो.

नैवेद्य आणि प्रसाद या जोडीपुरते पाहू. निवेदन करायचे ते नैवेद्य. वस्तू भक्ताकडून देवाकडे जाते. प्रसाद म्हणजे प्रसन्नता, कृपा. वस्तू देवाकडून भक्ताकडे येते. गंमत अशी की वस्तू तीच असते. स्वयंपाकघरातून आलेली खीर देवापुढे ठेवेपर्यंत नैवेद्य आहे. दाखवून पडदा सरला की तीच खीर प्रसाद. तिचा पदार्थ बदलत नाही, दिशा बदलते. आपल्या भाषेने या बदलासाठी दोन शब्द राखले आहेत, आणि दोन्हींना ‘ऑफरिंग’ म्हटल्यावर नेमकी ती दिशाच पुसली जाते. त्या पत्रकात एक वाक्य असे उतरले होते की भक्तांनी ऑफरिंग करावे आणि ऑफरिंग घेऊन जावे. अनोळखी माणसाने यातून काय समजावे? दिलेले परत घेऊन जावे असे?

यावरून मी प्रत्येक शब्दासाठी एक साधी कसोटी ठरवली : बाण काढायचा. वस्तू किंवा कृती कोणाकडून कोणाकडे जाते? नैवेद्य, ओटी, फुले हे बाण देवाकडे जातात. खायचा प्रसाद, तीर्थ, अंगारा हे देवाकडून येतात. दक्षिणा भक्ताकडून पुरोहिताकडे जाते, देणगी भक्ताकडून संस्थानाकडे. पाकळ्यांच्या प्रसादात बाण दोन आहेत : प्रश्न वर जातो, उत्तर खाली येते. इंग्रजी स्पष्टीकरणात हा बाण दिसला नाही तर ते कितीही सुंदर असले तरी नापास. दक्षिणेच्या बाबतीत हा फरक रोकड स्वरूपाचा आहे. देणगीची पावती खिडकीवर मिळते. दक्षिणा पुरोहिताच्या हातात द्यायची असते आणि तिची पावती नसते. दोन्हींना एकच नाव दिले तर पावती मागणारा यात्रेकरू आणि अवघडलेला भटजी यांचा संवाद ठरलेला.

बाणाची कसोटी अर्थ ठरवते, पण शब्द ठेवायचा की बदलायचा ते ठरवत नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न हवा, आणि माझ्या मते पत्रकाच्या भाषांतरात हाच सर्वांत महत्त्वाचा : हा शब्द वाचकाला देवळात स्वतः उच्चारावा किंवा ऐकावा लागणार आहे का? पत्रक काही पलंगावर पडून वाचायचे पुस्तक नव्हे. ते हातात घेऊन माणूस खिडकीशी जातो. खिडकीवरच्या फळ्यावर ‘अभिषेक’ लिहिलेले असते, पावतीपुस्तकात तेच छापलेले असते, पुजारी तेच नाव घेऊन हाक मारतो. तिथे ‘अब्लूशन’ म्हणणाऱ्याला कोणी ओळखणार नाही. जो शब्द खिडकीवर, फळ्यावर किंवा पावतीवर आहे तो इंग्रजी रकान्यातही त्याच ध्वनीने राहायला हवा. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात त्याचा अर्थ द्यावा, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच शब्द, त्याच अक्षरांत. जो शब्द वाचकाला फक्त समजायचा आहे, त्याचे सरळ भाषांतर करावे.

अभिषेकाचे वरचे तिन्ही प्रतिशब्द अर्थानेही आडवळणाचे आहेत. ‘अब्लूशन’ म्हणजे पूजा करणाऱ्याने स्वतः धुऊन शुद्ध होणे. इथे स्नान देवाचे आहे. ‘अनॉइंटिंग’मध्ये तेल लावणे आहे, आणि गोव्यात तर या शब्दाला ख्रिस्ती संस्कारांचा संदर्भ लगेच चिकटतो. ‘बाथ’मध्ये मंत्राची संततधार नाही. म्हणून ‘अभिषेक’ तसाच ठेवला आणि पुढे लिहिले : मंत्र म्हणत मूर्तीवर किंवा लिंगावर पाणी, दूध अथवा पंचामृत यांची धार धरणे. इतके पुरे.

सगळेच शब्द ठेवावेत असे मात्र नाही. पहिल्या उत्साहात मी तसे केले आणि इंग्रजी रकान्यात चाळीसहून अधिक तिरप्या ठशातले शब्द जमले. ते वाचणे म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्याने जाणे होते. वरची कसोटी लावल्यावर सोळा उरले. बाकीच्यांत ‘सोवळे’ हा चांगला नमुना. जुन्या पत्रकात त्याला ‘होली क्लोद्स’ म्हटले होते. यजमानाला खिडकीवर सोवळे मागायचे नाही. त्याने काय करून यायचे ते कळायला हवे. तिथे शब्दाचे भाषांतर सोडून सूचनाच लिहिली : अभिषेकाला बसणाऱ्या पुरुषाने स्नान करून धुतलेले धोतर किंवा पंचा नेसावा, अंगात सदरा नसावा. शब्द गेला, माहिती आली.

‘सेवा’ या शब्दाने थोडा त्रास दिला. महाराष्ट्रात सेवा म्हटले की श्रमदान किंवा मनोभावे केलेली चाकरी आठवते. गोव्यात आणि कर्नाटकात सेवा म्हणजे आपल्या नावाने करवून घ्यायचा, दर ठरलेला विधी. जुन्या पत्रकात त्याला ‘सर्व्हिसेस’ असा मथळा होता आणि त्याच मथळ्याखाली अभिषेक, पालखी, भक्तनिवासाच्या खोल्या आणि वाहनतळ एकापाठोपाठ आले होते. कोणी मुद्दाम केले नव्हते. इंग्रजी शब्दाने आपल्या सवयीप्रमाणे गाड्या आणि खोल्या आत ओढून घेतल्या होत्या. नव्या आवृत्तीत ‘सेवा’ ठेवले, अर्थ दिला, आणि सोयींचे पान वेगळे केले.

शब्दाचे तुकडे करून भाषांतर केले की काय होते याचा नमुना रुद्राचा. देवीच्या परिवारात शिवलिंग असल्याने तिथे रुद्राभिषेक होतात. जुन्या पत्रकात लघुरुद्राला ‘मायनर रुद्र’ आणि महारुद्राला ‘ग्रेट रुद्र’ म्हटले होते. वाचणाऱ्याला वाटते की एक दुय्यम पूजा, दुसरी श्रेष्ठ. प्रत्यक्षात ही मोजमापे आहेत. रुद्राची अकरा आवर्तने म्हणजे एकादशनी. अशा अकरा एकादशन्या, म्हणजे १२१ आवर्तने, तो लघुरुद्र. अकरा लघुरुद्र म्हणजे १,३३१ आवर्तने, तो महारुद्र. आणि त्याची अकरापट, १४,६४१, तो अतिरुद्र. लघुरुद्राला अकरा ब्रह्मवृंद बसले तर प्रत्येकाला अकरा आवर्तने करावी लागतात आणि सकाळ त्यात जाते. महारुद्र एका बैठकीत उरकण्यासारखा नसतो. यजमानाला जे कळायला हवे ते हे : किती पुरोहित, किती वेळ, म्हणून किती खर्च. ‘मायनर’ या विशेषणाने यातले काहीच कळत नाही, उलट आपण कमी प्रतीचे काही करतो आहोत असा सल मनात राहतो. नव्या पत्रकात नावे तशीच ठेवली आणि शेजारी आवर्तनांची संख्या छापली. आकड्याला भाषांतर लागत नाही.

स्थानिक अर्थाचा सापळा ‘गाऱ्हाणे’ या शब्दात होता. प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. कोकणात आणि गोव्यात गाऱ्हाणे घालणे म्हणजे देवापुढे उभे राहून, नावगाव सांगून, मोठ्याने रक्षणाची विनवणी करणे. कोकणात बाकीचे प्रत्येक विनवणीला “व्हय म्हाराजा” म्हणून साथ देतात. जुन्या भाषांतरकाराने ‘कंप्लेंट’ लिहिले होते. शब्दकोशात पाहिले असणार, आणि कोश खोटे बोलत नव्हता. पण देवळाच्या पत्रकात ‘सकाळच्या आरतीनंतर तक्रारी’ असे वाचून पाहुण्याला वाटावे की व्यवस्थापनाविषयी काही सांगायचे असेल तर तेव्हा यावे. म्हणून माझा आग्रह असा की पत्रकाचा शब्दसंग्रह कोशावरून करू नये. पुजारी, पुरोहित आणि पावती फाडणारा कारकून, या तिघांना वेगवेगळे बसवून प्रत्येक शब्द विचारावा : हे तुम्ही केव्हा म्हणता, आणि त्या वेळी काय होते?

याच बैठकीत प्रसादाचा प्रश्न सुटला, आणि तो माझ्या अपेक्षेप्रमाणे सुटला नाही. माझी सूचना होती की पाकळ्यांच्या प्रसादाला इंग्रजीत आणि मराठीतही ‘कौल’ म्हणावे. शब्द छोटा, अर्थ स्पष्ट, सर्व मराठी वाचकांना ठाऊक. पुजाऱ्यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की आमच्या देवळात याला कोणी कौल म्हणत नाही. खिडकीवर कौल मागितला तर नवा कारकून चुकेल, आणि बाहेरच्या माणसाला कौल म्हणजे आणखी निराळे काही वाटेल. माझीच कसोटी त्यांनी माझ्यावर लावली होती. मग मी विचारले, “तुम्ही आपसात बोलताना खायचा प्रसाद आणि हा प्रसाद यांत फरक कसा करता?” ते सहज म्हणाले, “फुलांचो प्रसाद.” उत्तर त्यांच्याच बोलण्यात होते.

तेव्हा निर्णय असा झाला. देवापुढे ठेवायचे ते ‘नैवेद्य’. दाखवून परत मिळणारे ते ‘प्रसाद’. पाकळ्या लावून विचारायचे ते मराठीत ‘फुलांचा प्रसाद’ आणि इंग्रजीत ‘फ्लॉवर प्रसाद’. पुढे एका वाक्यात अर्थ : पुजारी मूर्तीवर पाकळ्या लावतो आणि त्या पडण्यावरून तुमच्या प्रश्नाचे उत्तर सांगतो. इथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की बदल इंग्रजीत जितका झाला तितकाच मराठीतही झाला. ‘प्रसाद – सकाळी ९ ते ११.३०’ ही मूळ ओळ गावातल्या माणसाला पुरेशी होती, पण पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मराठी कुळाव्यालाही ती फसवणारीच होती. भाषांतर करताना अडलो नसतो तर मराठी रकान्यातला हा दोष कोणाच्या लक्षात आला नसता. पुढच्या छपाईत पावतीपुस्तकातही ‘फुलांचा प्रसाद’ असे वेगळे कलम आले आणि फळ्यावरही तेच रंगवले. तिन्ही ठिकाणी एकच नाव नसेल तर पत्रकातल्या एकवाक्यतेला अर्थ राहत नाही.

इंग्रजी अक्षरांचा प्रश्न छोटा दिसतो पण तोही इथेच येतो. जुन्या पत्रकात ‘पूजा’ तीन तऱ्हांनी होती : एकदा ‘यू’ घालून, एकदा ‘ओ’ दोनदा घालून, आणि एकदा शेवटचा ‘आ’ही जोडून. ‘आरती’च्या दोन तऱ्हा होत्या. वर टिंबे-रेघा देऊन अचूक लिप्यंतर करावे अशी एक सूचना आली. ग्रंथात ते योग्य, पण फळा रंगवणाऱ्याला आणि फोनवर शोधणाऱ्याला ते निरुपयोगी. आम्ही लोक सर्वाधिक लिहितात ती तऱ्हा घेतली, एका शब्दाला एकच, आणि मराठीत जसे उच्चारतात तसे : प्रसाद, ‘प्रसादा’ नव्हे. कोणती तऱ्हा निवडली यापेक्षा ती शेवटच्या पानापर्यंत टिकली की नाही हे महत्त्वाचे. ते तपासायला वाचन उपयोगी पडत नाही, कारण ओळखीचा शब्द डोळा आपोआप दुरुस्त करून वाचतो. संगणकावर प्रत्येक चुकीची तऱ्हा शोधून पाहावी लागते.

छपाईपूर्वी शेवटची परीक्षा घेतली. मराठी न येणाऱ्या, देवळात पूर्वी न गेलेल्या एका गृहस्थांना फक्त इंग्रजी रकाना दिला आणि पाच प्रश्न विचारले : अभिषेक करायचा तर पैसे कुठे द्याल, काय घेऊन याल, किती वाजता याल, परत काय मिळेल, आणि खिडकीवर कोणता शब्द बोलाल? चार उत्तरे बिनचूक आली. बोलता बोलता मात्र ते म्हणाले की साडेबाराला जो ‘महाप्रसाद’ असतो तो बहुधा अधिक कठीण प्रश्नांसाठी असावा. फुलांच्या प्रसादाची व्याख्या आम्ही इतकी नीट केली होती की महाप्रसाद त्यांना त्याचीच थोरली आवृत्ती वाटली. आपल्यापैकी कोणाच्याही मनात आले नसते, कारण महाप्रसाद म्हटल्याबरोबर आपल्याला पंगतच दिसते. तिथे दोनच शब्द वाढवले : दुपारचे जेवण.

यातून एकवाक्यतेची मर्यादाही दिसते. एका मराठी शब्दाला एकच इंग्रजी शब्द, हा नियम डोळे झाकून पाळला असता तर प्रसादाचे तिन्ही अर्थ एकाच नावाखाली बंद झाले असते, आणि उडुपीच्या त्या बाईची अडचण तशीच राहिली असती. नियम शब्दाला लावायचा नसून कृतीला लावायचा आहे : एका कृतीला एक नाव, आणि दोन कृतींना एक नाव कधीही नाही. मराठीने दोन कृतींना एकच नाव दिले असेल तर आधी मराठीत फोड करावी, मग इंग्रजीकडे वळावे.

‘गाऱ्हाणे’ आम्ही शेवटी तसेच ठेवले. त्यापुढे लिहिले की देवीपुढे तुमचे नाव घेऊन मोठ्याने केलेली विनवणी, आणि ती सांगून घ्यायची असल्यास आरतीपूर्वी खिडकीवर नाव द्यावे. पुरोहितांनी ते इंग्रजी वाक्य दोनदा वाचवून घेतले आणि एवढेच विचारले, की कुळाव्याने गावाचे नावही सांगायचे असते ते यात कुठे आहे? ते राहून गेले होते. ‘नाव’च्या पुढे ‘आणि गाव’ घातले आणि पत्रक छपाईला गेले.